चेहऱ्याला किंवा हाताला खोल चावा : रेबीजचं सीरम जखमेतच का भरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेड या भागातून आमच्याकडे वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न एकाच गोंधळातून येतात. लस लोकांना माहीत असते, सीरमचं नाव मात्र दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा कानावर पडतं. म्हणून हे पान फक्त सीरमबद्दल, आणि तेही चेहरा व हाताच्या खोल चाव्याबद्दल आहे.

१. डॉक्टरांनी केसपेपरवर 'एआरव्ही' आणि 'आरआयजी' असं दोन्ही लिहिलंय. ही दोन वेगवेगळी इंजेक्शनं आहेत का?

हो, पूर्ण वेगळी. 'एआरव्ही' म्हणजे लस. ती दंडात देतात आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. शरीराने विषाणूला निकामी करणारी स्वतःची प्रतिद्रव्यं तयार करावीत, यासाठी ती असते.

'आरआयजी' म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. आपल्याकडे बोलताना त्याला सीरमच म्हणतात, आणि काही ठिकाणी केसपेपरवर 'एआरएस' असंही लिहितात. यात तयार प्रतिद्रव्यंच असतात. ती घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली असतात. सीरम एकदाच देतात आणि त्याची जागा दंड नव्हे, जखम आहे. चावा कातडी फोडून आत गेला असेल, रक्त आलं असेल, किंवा कुत्र्याची लाळ तोंडात, डोळ्यात, उघड्या जखमेवर पडली असेल, तर तो तिसऱ्या श्रेणीचा संपर्क धरतात. या श्रेणीत लस आणि सीरम दोन्ही लागतात.

२. लस तर त्याच दिवशी दिली. मग सीरम कशासाठी?

लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो. लस घेतल्यावर पुरेशी प्रतिद्रव्यं तयार व्हायला साधारण ७ ते १४ दिवस जातात. या मधल्या काळात जखमेतल्या विषाणूला अडवणारं शरीरात काहीच नसतं, आणि विषाणू तोवर थांबत नाही. ही उघडी फट सीरम भरून काढतं.

याचा जुना पण ठोस दाखला इराणमधला आहे. १९५४ मध्ये तिथल्या एका खेड्यात पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. डोक्याला गंभीर जखमा झालेल्या पाच जणांना फक्त लस मिळाली, त्यातले तीन दगावले. तशाच जखमांच्या तेरा जणांना लसीबरोबर सीरमही मिळालं, त्यातला एकच दगावला. डोक्याच्या जखमेत एकटी लस पुरत नाही, हे तिथे स्पष्ट दिसलं. पुढे हे सीरम जखमेतच का भरायचं, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. पायाला चावलं तर लोक इतके घाबरत नाहीत. चेहरा आणि हाताचंच एवढं का सांगता?

रेबीजचा विषाणू रक्तातून मेंदूकडे जात नाही. तो जखमेतल्या स्नायूत थोडा काळ राहतो, मग तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूतूनच वर सरकतो. बोटांची टोकं, ओठ, गाल, नाक, पापण्या इथे मज्जातंतूंची टोकं दाट असतात, म्हणून विषाणूला आत शिरायला दारं जास्त. चेहऱ्यापासून मेंदूपर्यंतचं अंतरही कमी. त्यामुळे चेहऱ्याच्या चाव्यात आजार दिसायला लागणारा काळ आखूड असू शकतो, आणि लसीच्या हाती उरणारा वेळ तितकाच कमी होतो.

याचा अर्थ पायाचा चावा किरकोळ असा नाही. पिंडरीला खोल दात रुतले असतील तरी तो तिसऱ्याच श्रेणीत जातो आणि सीरम लागतंच.

लहान मुलांचं आणखी एक आहे. अंगणात खेळणाऱ्या चार-पाच वर्षांच्या लेकराचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं. मोठ्या माणसाला जो चावा पिंडरीला बसतो, तो लेकराला गालावर, ओठावर, कानावर बसतो. मोठी माणसं कुत्र्याला हाताने दूर लोटतात आणि चावा बोटांवर घेतात. खोल चावे याच दोन जागी का जास्त दिसतात, ते यावरून कळेल.

४. सीरम कमरेत एकदाच देऊन टाकलं तर चालत नाही का? जखमेत सुया टोचल्या की लेकरू फार रडतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा हाच प्रश्न आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सीरममधली प्रतिद्रव्यं विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात. पण त्यासाठी दोघांची गाठ पडायला हवी. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विषाणू असतो तो फक्त जखमेच्या आजूबाजूच्या मांसात. तेच सीरम कमरेच्या स्नायूत दिलं, तर ते हळूहळू रक्तात उतरतं, सगळ्या शरीरात पसरून पातळ होतं आणि जखमेपर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं. तेही उशिरा. तोवर विषाणू मज्जातंतूत शिरला, की मग सीरम कितीही दिलं तरी उपयोग होत नाही, कारण तंतूच्या आत प्रतिद्रव्यं पोचत नाहीत. वावरात पाणी पाजताना बांध फुटला तर माती फुटलेल्या जागीच टाकतात, बांधाच्या दुसऱ्या टोकाला नाही. इथेही तसंच आहे.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आपली शिफारस बदलली. आधी जखमेत मावेल तेवढं भरून उरलेलं लांबच्या स्नायूत देत असत. आता जोर फक्त जखमेवर आहे. जखमेत आणि तिच्या कडेने जेवढं मावेल तेवढं द्यायचं. उरलेल्या सीरमचं काय करायचं, ते प्रश्न ९ मध्ये पाहा.

लेकरू रडेल हे खरं आहे. जखमेत सुई दुखते, विशेषतः ओठात आणि बोटात. पण रडू थांबवायला सीरम कमरेत देणं हा उपाय नव्हे. मोठ्या रुग्णालयात मुलाला गुंगी देऊन किंवा बोटाच्या मुळाशी भूल देऊन हे काम करता येतं. तशी सोय कुठे आहे हे आपल्या डॉक्टरांना विचारा. ते नेमकं सांगतील.

५. दवाखान्यात पोचेपर्यंत घरी काय करायचं? आमच्याकडे मिरचीची पूड किंवा चुना लावतात.

मिरची, चुना, तेल, हळद, रॉकेल यातलं काहीही लावू नका. मिरची आणि चुन्याने मांस भाजतं आणि नंतर सीरम भरताना जखमेचा तळ दिसत नाही. मांत्रिकाकडे जाऊन दोरा बांधण्यात जाणारा वेळही आपल्याला परवडणारा नाही.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांतच थांबतो. गावात नळाला पाणी नसेल तर हंड्यातून तांब्याने सतत ओतत राहा. लाळ डोळ्यात गेली असेल तर साबण न लावता नुसतं पाणी मारा. नंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा आणि जखम न बांधता निघा. हे धुणं म्हणजे विषाणू कमी करण्याचा पहिला उपचार आहे. घरी झालं नसेल तर दवाखान्यात पोचल्यावर आधी तेच करायला सांगा.

६. सीरम किती द्यायचं हे कसं ठरतं? एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

डोस वजनावर ठरतो. घोड्याचं सीरम किलोमागे ४० युनिट, माणसाचं सीरम किलोमागे २० युनिट. ही कमाल मर्यादा आहे. याहून जास्त दिलं तर लसीमुळे तयार होणारी शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं दबू शकतात, म्हणून 'थोडं जास्त द्या' असा आग्रह धरू नका.

समजा, अंबाजोगाईजवळच्या एका वाडीतली पाच वर्षांची मुलगी आहे, वजन १६ किलो. डाव्या गालावर दाताची दोन खोल भोकं, वरचा ओठ फाटलेला, कानाच्या पाळीवर बारीक ओरखडा आणि उजव्या तळहाताच्या मागे एक भोक. घोड्याचं सीरम वापरायचं ठरलं, तर १६ गुणिले ४० म्हणजे ६४० युनिट. नेहमीच्या बाटलीत एका मिलीत ३०० युनिट असतात, म्हणजे जेमतेम २.१ मिली. माणसाचं सीरम घेतलं तर ३२० युनिट लागतील, आणि त्याच्या एका मिलीत १५० युनिट असल्यामुळे तेही २.१ मिलीच येईल.

आता चार जागच्या जखमांना २.१ मिली पुरणार नाही. अशा वेळी सीरम जास्त घेत नाहीत. मोजलेल्या डोसमध्येच निर्जंतुक सलाईन मिसळून त्याचं आकारमान वाढवतात. इथे ते चार मिली करता येईल. मग त्यातलं साधारण १.८ मिली गालाच्या दोन भोकांना, १ मिली ओठाला, ०.३ मिली कानाला आणि ०.९ मिली हाताला, असं काम होतं. हे वाटप कुठे लिहून ठेवलेलं नसतं. जखम किती खोल आहे आणि मांस किती आहे हे पाहून देणारा डॉक्टर ते ठरवतो.

देण्याची पद्धतही समजून घ्या. बारीक सुई जखमेच्या कडेतून आत नेतात, थेट तळापर्यंत. मग हळूहळू दाब देत सुई मागे घेतात, की आजूबाजूचं मांस थोडं फुगलेलं दिसतं. हे फुगणं म्हणजे औषध जागेवर उतरल्याची खूण. नुसतं जखमेवर ओतलेलं किंवा कातडीखाली वरवर दिलेलं सीरम तळातल्या विषाणूपर्यंत जात नाही. ओरखडा बारीक आहे म्हणून तो सोडून देणं, हे सगळ्यात धोक्याचं. मोठी जखम नीट भरली आणि केसांत लपलेलं एक भोक राहून गेलं, तर त्याच भोकातून आजार येऊ शकतो. म्हणून डोक्याचे केस बाजूला करून, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात पाहून सगळ्या जखमा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा.

७. बोटाच्या टोकाला चावलंय. तिथे किती सीरम मावणार? बोट खराब तर होणार नाही?

ही भीती रास्त आहे. बोटाच्या टोकाला मांस थोडं आणि कातडी घट्ट असते. जोर लावून जास्त औषध भरलं तर आतला दाब वाढतो, रक्त पोचत नाही आणि बोटाला इजा होऊ शकते. म्हणून तिथे थोडंच देतात आणि अगदी सावकाश, बोटाचा रंग पाहत. टोक पांढरं पडायला लागलं की थांबायचं.

पण 'बोटात मावत नाही' म्हणून बोट पूर्ण सोडून देणं चूकच. थोडं का होईना, जखमेतच द्यायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या ५५ किलोच्या बाईच्या अंगठ्याला चावलं, तर हिशोबाने ७.३ मिली सीरम येतं, आणि अंगठ्यात त्यातलं कदाचित मिलीभरही मावणार नाही. ते ठीक आहे. अंगठ्याच्या मुळाशी किंवा तळव्यावर दात लागले असतील तर तिथे जास्त मावतं. हाच नियम नाकाच्या शेंड्याला, कानाला आणि पापणीला लागू आहे. पापणीच्या जखमेला शक्यतो नेत्रतज्ज्ञ सोबत असलेले बरे.

८. ओठ फाटलाय, लगेच टाके घालायचे ना? नाहीतर व्रण राहील.

लगेच नाही. टाक्यांची सुई विषाणूला आणखी आत, ताज्या मज्जातंतूंपर्यंत नेऊ शकते. चेहऱ्याच्या फाटलेल्या जखमेत टाके टाळता येत नसतील, तर आधी जखम धुऊन सीरम भरायचं, मग काही तास थांबायचं, आणि नंतर गरजेपुरते सैल टाके घालायचे. सीरम न देता आधी टाके घातले गेले असतील, तर लपवू नका, पुढच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यानंतरही टाक्यांच्या आजूबाजूने सीरम द्यावंच लागतं. व्रणाचं काम प्लास्टिक सर्जन नंतर करू शकतात.

९. उरलेलं सीरम टाकून द्यायचं का? ते कमरेत दिलं तर काही वाईट होतं का?

प्रश्न ७ मधल्या बाईचंच पाहा. सहा मिलीहून जास्त सीरम उरेल. आताच्या शिफारशीप्रमाणे ते तिच्या कमरेत देण्याची गरज नाही. स्वच्छता सांभाळून ते त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णाच्या जखमेसाठी वापरता येतं. सीरम मिळणं जिथे कठीण आहे, तिथे हे फार मोलाचं आहे. अपवाद एकच : बारीक जखमा नजरेतून सुटल्या असण्याची दाट शंका असेल, उदाहरणार्थ लहान मूल नीट सांगू शकत नसेल, तर डॉक्टर उरलेलं स्नायूत द्यायचं ठरवू शकतात.

सीरम आणि लस कधीही एका सिरिंजमध्ये किंवा एका जागी द्यायची नाही. आणि लस कंबरेत देत नाहीत. मोठ्यांना दंडात, अगदी लहान बाळांना मांडीच्या पुढच्या बाजूला.

१०. घोड्याचं सीरम घेतलं तर रिॲक्शन येते म्हणतात. माणसाचंच घ्यावं का?

आत्ताचं घोड्याचं सीरम शुद्ध केलेलं असतं, जीवघेणी ॲलर्जी क्वचितच होते. पण होऊ शकते, म्हणून ते अशाच ठिकाणी घ्यावं जिथे ॲलर्जीवरचं ॲड्रेनालिन इंजेक्शन तयार आहे आणि दिल्यावर अर्धा ते एक तास बसवून ठेवतात. आधी कातडीवर टेस्ट करण्याला जागतिक आरोग्य संघटनेचा आता आग्रह नाही, कारण टेस्टवरून पुढची ॲलर्जी नीट ओळखता येत नाही. तरी कंपनीच्या पत्रकात तशी सूचना असेल तर डॉक्टर टेस्ट करतील. आठवडाभराने ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी झाली तर दवाखान्यात या. हा सीरमचा उशिराचा परिणाम असतो आणि बरा होतो.

माणसाचं सीरम महाग असतं, पण संरक्षणात घोड्याचं सीरम कमी पडत नाही. माणसाचं सीरम शोधायला दोन दिवस घालवण्यापेक्षा हातात आहे ते आजच जखमेत देणं बरं. याशिवाय प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिद्रव्यंही भारतात मिळतात, त्यांचा डोस वेगळा असतो, पण तीही जखमेतच द्यायची असतात.

११. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळाली, सीरम नव्हतं. आता पाच दिवस झालेत. अजून घेता येईल का?

हो. लसीचा पहिला डोस घेतल्यापासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर लसीची स्वतःची प्रतिद्रव्यं तयार होऊ लागलेली असतात आणि सीरम त्यात अडथळा आणू शकतं, म्हणून मग देत नाहीत. पण सात दिवसांचा अर्थ सवड आहे असा घेऊ नका. पहिल्या दिवशीचं सीरम आणि सहाव्या दिवशीचं सीरम यांत फरक आहे. लस आणि धुणं न थांबवता जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड यांपैकी जे जवळ पडेल तिथे आधी फोन करून साठा विचारा. सीरम मिळत नाही म्हणून लस मात्र कुठेही थांबवायची नाही.

१२. कुत्रं ओळखीचं आहे. दहा दिवस बघून मग ठरवलं तर?

चेहऱ्याच्या किंवा हाताच्या खोल चाव्यात वाट पाहू नका. उपचार आधी सुरू करा, कुत्र्यावर लक्ष सोबत ठेवा. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल, तर पुढचे लसीचे डोस थांबवायचे का हे डॉक्टर ठरवतील. दिलेलं सीरम मात्र परत घेता येत नाही आणि घ्यायची गरजही नाही. भटकं कुत्रं असेल आणि सापडत नसेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

१३. चावा दोन महिन्यांपूर्वीचा आहे, जखम भरली, काहीच उपचार घेतले नाहीत. आता काय?

आजाराची लक्षणं नसतील, तर आजचाच चावा समजून लस आणि सीरम सुरू करतात. सीरम जिथे जखम होती तिथेच, व्रणाच्या आजूबाजूला देतात. रेबीजला दिसायला काही महिने लागू शकतात, म्हणून उशीर झाला असं समजून घरी बसू नका.

१४. गरोदर बाई किंवा अंगावर पिणारं बाळ असेल तर?

दोघांनाही सीरम आणि लस देता येतात, दोन्ही सुरक्षित आहेत. डोस नेहमीप्रमाणे वजनावरच.

१५. मागच्या वर्षी कुत्र्याच्या चाव्याची पूर्ण लस घेतली होती. पुन्हा चावलं, सीरम लागेल का?

आधीचा कोर्स पूर्ण झाल्याचा कागद असेल, तर सीरम लागत नाही. पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे लसीचे दोन डोस पुरतात, मग चावा चेहऱ्यावरचा का असेना. तुमच्या शरीराला प्रतिद्रव्यं कशी करायची हे माहीत आहे, ती लवकर तयार होतात.

पण कागद नसेल, डोस अर्धवट सोडले असतील, किंवा कोणती लस घेतली हेच आठवत नसेल, तर पहिल्यांदाच चावलं असं समजून सगळं द्यावं लागतं. आणि एक अपवाद लक्षात ठेवा. ज्यांची प्रतिकारशक्ती खूपच कमी आहे, म्हणजे कॅन्सरचे उपचार चालू आहेत किंवा एचआयव्ही फार वाढलेला आहे, त्यांना आधी लस घेतलेली असली तरी पूर्ण कोर्स आणि सीरम, दोन्ही लागतात. असा आजार असेल तर केसपेपर काढतानाच सांगा. कागद पाहून डॉक्टर 'लस झाली आहे' एवढंच धरून सीरम वगळण्याची शक्यता त्यामुळे उरत नाही.